फोटोखालची ओळ कुणाची?

आमच्या दहावीच्या बॅचला वीस वर्षं झाली म्हणून मागच्या दिवाळीत शाळेत स्नेहमेळावा झाला. आमची बॅच २००४ ची. एका वर्गमित्राने त्या दिवसाचा फोटो फेसबुकवर टाकला. तीन रांगा, पुरुषांच्या डोक्याला फेटे, बायकांच्या साड्या ठरवून एकाच रंगाच्या, मागे शाळेची जुनी पत्र्याची इमारत. मित्राने सगळ्यांना टॅग केलं होतं. रात्री जेवण झाल्यावर मी तो फोटो बराच वेळ पाहत बसले आणि खाली एक कमेंट लिहिली. ती कमेंट ही माझी चूक होती. ती कशी झाली आणि तिच्यात नेमकं काय चुकलं, ते आज लिहिते आहे. आपल्या चळवळीतल्या माणसांकडून ही चूक चांगल्या हेतूने होते, म्हणून ती जास्त नीट पाहायला हवी.

फोटोत माझ्या शेजारी माझी मैत्रीण उभी आहे. आम्ही एकाच वस्तीत वाढलो, एकाच वाटेने शाळेत गेलो. मी तिचं नाव घालून लिहिलं, "आठवतं का गं, जयंतीच्या आदल्या रात्री पताका लावत जागायचो आणि दोन दिवसांनी गणिताचा पेपर! सातवीत शिष्यवृत्तीचे सहाशे रुपये मिळाले तेव्हा दोघींनी सारख्या चपला घेतल्या. तुझी आई खुरपायला जाताना आपल्याला शाळेपर्यंत सोडायची. जय भीम मैत्रिणी!" लिहून झाल्यावर माझे डोळे भरून आले होते. लाइक भराभर येत होते.

साडेअकराला तिचा फोन आला.

"अगं, ते काढ ना."

"काय काढू?"

"तू लिहिलंयस ते. आत्ता काढ. घरमालकीण माझ्या फेसबुकला आहे. पुढच्या महिन्यात करार संपतोय."

मैत्रीण पुण्यात भाड्याने राहते. लग्नानंतरचं तिचं आडनाव असं आहे की त्यावरून कुणाला काही कळत नाही. घर घेताना कुणी सरळ विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. अकरा महिन्यांचा करार, मुलाची शाळा जवळ, नवऱ्याची कंपनी जवळ. हे सगळं माझ्या चार ओळींनी टांगणीला लावलं.

आता खरं सांगते, माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. मी तिला म्हटलं, "लाजतेस का तू?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "तू तिथे राहत नाहीस." मी कमेंट काढली, पण माझा राग दोन दिवस गेला नाही. तो का गेला, तेच या लेखात सांगायचं आहे.

आपल्याकडे एक वाक्य फार सहज बोललं जातं, की जो लपवतो तो लाचार. मीही ते वस्तीतल्या बैठकांमध्ये बोलले आहे. पण हे वाक्य बाबासाहेबांच्या आयुष्यासमोर धरून पाहा. परदेशात शिकून आल्यावर ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव नोंदवून राहिले. काही दिवसांनी ते कळलं. हातात काठ्या घेतलेली माणसं दारात आली आणि त्यांना ती जागा सोडावी लागली. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही, आणि मुंबईची गाडी येईपर्यंतचे तास त्यांनी एका बागेत बसून काढले. हे आपल्याला ठाऊक आहे, कारण बाबासाहेबांनी स्वतः पुढे बऱ्याच वर्षांनी ते 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवलं.

या एका प्रसंगात दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही आपल्या कामाच्या आहेत. पहिली, डोक्यावर छप्पर हवं असताना कुणाला काय सांगायचं हे ज्याला छप्पर हवं आहे तोच ठरवतो. पारशी नाव नोंदवणाऱ्या बाबासाहेबांना लाचार म्हणायची कुणाची हिंमत नाही. मग पुण्यातल्या भाडेकरू बाईला आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं? दुसरी, तीच गोष्ट पुढे जगाला सांगितली तीही त्यांनीच, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या वेळेला. बडोद्यात असताना एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाने धर्मशाळेच्या दारात येऊन प्रेमाने हाक मारली असती आणि सातारच्या शाळेत बसायला घरून नेलेल्या गोणपाटाची आठवण काढली असती, तर? आठवण खरी असती, प्रेमही खरं असतं, आणि काठ्या त्याच दिवशी आल्या असत्या. माझ्या कमेंटने हेच केलं.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला गॉफमन हा अमेरिकन अभ्यासक शिकवला होता. त्याचं कलंकावरचं पुस्तक १९६३ चं. तो दोन स्थिती वेगळ्या करतो. काही माणसांवर समाजाने लावलेला शिक्का समोरच्याला आधीच ठाऊक असतो किंवा दिसतो. काहींचा शिक्का अजून कळलेला नसतो, पण कळू शकतो. या दुसऱ्या माणसाचं रोजचं काम असतं माहिती सांभाळण्याचं, म्हणजे कुणाला सांगायचं, कुणाला नाही, केव्हा आणि कुठे. परीक्षेसाठी मी हे पाठ केलं होतं. पण या माणसाला धोका शत्रूपेक्षा लहानपणापासून ओळखणाऱ्यांकडून जास्त असतो, हे मला त्या फोनवर कळलं. शत्रूला काही माहीत नसतं. सगळं माहीत असतं ते मैत्रिणीला.

म्हणून अति सांगणं म्हणजे स्वतःबद्दल जास्त बोलणं एवढाच अर्थ आपल्याला पुरत नाही. मी माझ्या कमेंटमध्ये स्वतःबद्दल फारसं काही उघड केलं नव्हतं. माझं काम, माझं लिखाण, माझी वस्ती सगळ्यांना माहीत आहे. मी उघड केलं ते तिचं.

आता ती कमेंट एकेक वाक्य घेऊन पाहू.

जयंतीच्या पताकांची आठवण तिच्याइतकीच माझीही आहे, पण ती वर्गाची नाही, वस्तीची आहे. हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने सांगितलं आहे की माणूस एकट्याने आठवत नाही, तो कुठल्यातरी गटाच्या चौकटीत आठवतो. घराची चौकट वेगळी, गावाची वेगळी, कामाची वेगळी. आमच्या वर्गातली चाळीसेक मुलं ही एक चौकट होती आणि वस्तीतल्या आम्ही चौघी ही दुसरी. फोटो वर्गाचा होता. त्याखाली मी वस्तीची आठवण टाकली. तीच आठवण आम्हा चौघींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली असती, तर रात्रभर हसलो असतो.

शिष्यवृत्तीचं वाक्य त्याहून वाईट. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती म्हणजे तेव्हा पाचवी ते सातवीतल्या मुलींना महिन्याला साठ रुपये, दहा महिन्यांचे सहाशे. ती कोणत्या मुलींना मिळायची, हे तेव्हा महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या कुणालाही कळतं. म्हणजे मी जातीचं नाव न घेता जात सांगितली. ज्यांना वाटतं की आपण कुणाच्या जातीचा उल्लेख केलाच नाही, त्यांनी हे लक्षात घ्यावं. गल्लीचं नाव, शिष्यवृत्तीची रक्कम, वर्गात उभं राहून ज्या यादीतली नावं वाचली जायची ती यादी, घरात लावलेला फोटो, यातलं काहीही पुरतं. वाचणारा उरलेलं गणित स्वतः करतो.

तिसरं वाक्य तिच्या आईचं. माझ्या मनात तिची आई म्हणजे पहाटे डोक्याला पदर गुंडाळून, विळा-खुरपं घेऊन निघालेली, आम्हाला शाळेच्या फाटकात सोडून पुढे जाणारी बाई. मला ते वाक्य गौरवाचं वाटलं होतं. पण ती आई तिची आहे. आईच्या कष्टांविषयी चारचौघांत बोलायचं की नाही, आणि कोणत्या शब्दांत, हा हक्क लेकीचा. मी तिच्या आईला माझ्या कमेंटची शोभा केली.

शेवटचं 'जय भीम' मी सवयीने लिहिलं. त्याने जे थोडं झाकलेलं राहिलं असतं, तेही उघडं झालं.

इथे फेसबुकची एक साधी गोष्ट सांगते, कारण मला ती नीट माहीत नव्हती. आपल्या पोस्ट कुणाला दिसाव्यात हे आपण ठरवतो. पण दुसऱ्याच्या फोटोखाली लिहिलेली कमेंट कुणाला दिसणार, हे त्याने फोटोला लावलेल्या सेटिंगवर ठरतं. फोटो टाकणाऱ्याच्या नावाखाली, तारखेच्या शेजारी एक छोटं चिन्ह असतं. पृथ्वीचा गोल असेल तर तो फोटो आणि खालची प्रत्येक ओळ जगाला उघडी. दोन माणसांची डोकी असतील तर त्याच्या मित्रांपुरती, पण ज्यांना टॅग केलं आहे त्यांच्या मित्रांनाही ती सहसा दिसते. आमच्या फोटोला गोल होता. मैत्रिणीची घरमालकीण, नवऱ्याच्या कंपनीतली माणसं, मुलाच्या शाळेतल्या आया, हे सगळे आमच्या वर्गात येऊन बसले होते आणि मला ते दिसत नव्हते.

चूक झालीच तर काय करायचं, तेही सांगते. कमेंट दुरुस्त करत बसू नये, काढूनच टाकावी. दुरुस्त केली तर आधीचा मजकूर बदलांच्या इतिहासात पाहता येतो. आणि त्याच फोटोखाली जाहीर माफी मागू नये. मी तेही लिहायला घेतलं होतं, "कुणाचं मन दुखावलं असेल तर" वगैरे. ज्यांनी पाहिलं नव्हतं तेही मग विचारू लागले असते की काय झालं. माफी फोनवर मागायची असते. मी तिसऱ्या दिवशी मागितली.

आता कुणी म्हणेल, मग काय गप्प बसायचं? जातीविषयी बोलायचंच नाही? आपण बोललो नाही तर त्या फोटोखाली दुसरेच लोक इतिहास लिहितात. हा आक्षेप खरा आहे, कारण त्याच फोटोखाली एका वर्गमित्राने लिहिलं होतं, "काय ते दिवस! जातपात काही माहीतच नव्हती, सगळे एका ताटात जेवायचो." त्याला माझ्या कमेंटपेक्षा जास्त बदाम मिळाले.

ते वाक्य वाचून मला पाण्याचा माठ आठवला. व्हरांड्यात एक माठ असायचा. आम्ही पाणी प्यायलो की एक मुलगी ग्लास विसळून घ्यायची, आमच्यानंतरच. कुणी काही बोलायचं नाही. तिला घरून शिकवलेलं असणार, आणि तिला आज ते आठवतही नसेल. त्या मित्राला जात माहीत नव्हती हे खरंच असेल, त्याला माहीत असायची गरजच पडली नव्हती. पण त्याने लिहिलं 'माहीत नव्हती', सगळ्यांच्या वतीने. 'मला माहीत नव्हती' असं लिहिलं असतं तर माझी काही हरकत नव्हती.

म्हणजे मी आणि तो, दोघांनी एकच चूक केली. मी मैत्रिणीच्या वतीने सांगितलं, त्याने आमच्या वतीने पुसलं. दोघांनीही दुसऱ्याची आठवण स्वतःच्या ताब्यात घेतली. फरक एवढाच की त्याच्या चुकीला कुणाचं घर जात नाही.

यातून मी माझ्यापुरता एक हिशेब बांधला आहे. तो तीन सर्वनामांचा आहे. जे त्या खोलीतल्या प्रत्येकाच्या अंगावरून गेलं, ते 'आपण' म्हणून लिहावं. जे दुखलं, जे जातीचं, गरिबीचं, अपमानाचं, ते 'मी' म्हणून लिहावं, आणि त्याला फोटोखालची दोन इंच जागा पुरत नसेल तर या लेखासारखं वेगळं लिहावं. 'तू' मात्र फोटोखाली लिहूच नये. 'तू रडायचीस', 'तुझे वडील', 'तुला मार पडला', 'तुझं त्याच्याशी', या सगळ्यासाठी फोन आहे.

'मी' लिहितानाही एक अडचण राहते. मी स्वतःच्या शिष्यवृत्तीबद्दल लिहिलं तर ते माझं आहे. पण फोटोत मी जिच्या खांद्यावर हात टाकला आहे, तिला लोक त्याच हिशेबात धरतात. वस्तीतल्या आम्ही चौघी फोटोतही एकत्रच उभ्या आहोत, कारण शाळेत आम्ही एकत्रच बसायचो. अशा वेळी माझा 'मी'सुद्धा तिला विचारून लिहावा लागतो. हे बंधन मला आवडत नाही. पण ते बंधन तिने घातलेलं नाही, घरमालकांनी घातलेलं आहे. राग काढायचा तर तिकडे काढला पाहिजे.

आठवड्याने मी त्याच फोटोखाली पुन्हा लिहिलं. आधी माठाबद्दल लिहिणार होते, 'व्हरांड्यातल्या माठाचं गार पाणी' असं. लिहून खोडलं. ते पाणी सगळ्यांसाठी सारखं गार नव्हतं. मग मधल्या सुट्टीतले डबे आठवले, तेही खोडले. डब्यात काय होतं आणि कुणाशेजारी बसून खाल्लं, यातच सगळं येतं. अशी वर्गातली एकेक वस्तू हातात घेऊन पाहत गेले तर सगळ्यांची सारखी अशी फार थोडी उरते. शेवटी छपराशी येऊन थांबले. फोटोत मागे तेच दिसत होतं. लिहिलं:

"पत्र्यावर पाऊस सुरू झाला की सरांचा आवाज बंद आणि आपली कुजबुज चालू. सर गणित तसंच फळ्यावर लिहीत राहायचे. कुठला बाक गळायचा, आठवतंय का कुणाला?"

कुणालाही टॅग केलं नाही. त्या पावसात सगळे सारखे बहिरे होते, पाटलाचा मुलगाही आणि आम्हीही. पावसाला यादी वाचावी लागत नव्हती. वाक्यात कुणाचं घर नाही, आई नाही, पैसा नाही. शेवटी प्रश्न ठेवला, कारण सगळं मीच सांगून टाकलं तर बाकीच्यांना 'हो' म्हणण्यापलीकडे काम उरत नाही. प्रश्न असला की ज्याला जेवढं द्यायचं तेवढं तो देतो.

खाली उत्तरं येऊ लागली. एक म्हणाला दुसऱ्या रांगेतला शेवटचा बाक. दुसऱ्याने ते साफ नाकारलं. एकीने लिहिलं की तिच्या भूगोलाच्या वहीवर त्या पाण्याचा डाग अजून आहे. 'जातपात माहीत नव्हती' लिहिणारा मित्रही आला आणि गळक्या जागेखाली आपण बादली ठेवायचो हे त्याने आठवण करून दिलं. आणि रात्री उशिरा मैत्रिणीची ओळ आली, "खिडकीजवळचा. दप्तर मांडीवर घेऊन बसायचो."

शाळेत गळायचा तो खिडकीजवळचा बाक आमचा होता, हे खरं आहे. पण तिने आणि मी दप्तर मांडीवर घेऊन पावसाळ्याच्या रात्री आणखी एका पत्र्याखाली काढल्या आहेत. तिने ते लिहिलं नाही, मीही विचारलं नाही. चाळीस जणांनी ती ओळ शाळेची म्हणून वाचली. मी दोन्ही घरांची म्हणून वाचली. फोटोखाली एवढंच करता येतं, आणि मला वाटतं ते पुरेसं आहे. आठवण सगळ्यांची राहावी आणि तिच्या आतलं दार ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्यासाठीच उघडावं.

हा लेख टाकण्याआधी मी तिला वाचायला दिला. तिने दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली. तिच्याबद्दलचा काही तपशील बदलला आहे. घराच्या कराराचं पुढे काय झालं ते मी लिहिणार नाही. ते तिला कधी सांगायचं असेल तर ती सांगेल.

जय भीम.